टाच उचलली की टक्का बदलतो

शाळेच्या व्हरांड्यात भिंतीला टेकवून उंची मोजायची उभी पट्टी लावलेली असते. समोर पोरांची रांग. एक तिसरीतला मुलगा पुढे येतो, चपला काढतो, पट्टीला पाठ लावतो आणि मागे उभ्या असलेल्या मित्रांना हसताना पाहून हळूच टाचा उचलतो. उंच दिसायला कोणाला आवडत नाही? मोजणाऱ्याचं लक्ष वरच्या सरकत्या फळीकडे असतं. तो आकडा सांगतो, लिहिणारा लिहितो आणि पुढचा मुलगा येतो.

त्या एका सेंटिमीटरचं पुढे काय होतं ते बघू. समजा, मुलाचं वय सव्वाआठ वर्षं, खरी उंची ११६.६ सेंटिमीटर आणि वजन १८.३ किलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७च्या संदर्भ तक्त्याप्रमाणे सव्वाआठ वर्षांच्या मुलासाठी खुरटेपणाची रेघ साधारण ११७ सेंटिमीटरच्या जरा वर येते. म्हणजे हा मुलगा खुरटलेला. त्याचा बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, १३.५च्या आसपास येतो. कृशतेची रेघ या वयाला साधारण १३.३वर आहे. म्हणजे तो कृश नाही. आता टाचा उचलून उंची ११७.६ झाली. मुलगा खुरटेपणाच्या रेघेच्या वर गेला, पण बीएमआय १३.२वर घसरला आणि तो कृश ठरला. मुलगा तोच, सकाळ तीच. अहवालात मात्र त्याचा आजार बदलला.

शाळांमधून उंची-वजनाच्या पाहण्या वारंवार होतात आणि त्यांतले टक्के वर्तमानपत्रांत छापून येतात. पण अशी पाहणी आखणं म्हणजे वजनकाटा आणि पट्टी घेऊन शाळेत जाणं नव्हे. कोणत्या शाळा, कोणती मुलं, कोण मोजणार, वय कुठून घेणार आणि शेवटी काय छापणार, हे सगळं पहिलं मूल पट्टीला टेकण्याआधी ठरलेलं असावं लागतं.

आधी ती रेघ कुठून येते ते. पाच ते एकोणीस वर्षांच्या मुलांसाठी जगभर वापरला जाणारा हा तक्ता जुन्या अमेरिकी मोजमापांतून नव्या गणिताने बांधलेला आहे आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या २००६च्या प्रमाणाशी तो पाचव्या वर्षाच्या सांध्यावर जुळवलेला आहे. प्रत्येक महिन्याच्या वयाला त्यात मधली उंची आणि भोवतालचा पसारा दिलेला असतो. मूल त्या मधल्या उंचीपासून किती पसारे खाली किंवा वर आहे, हे सांगणारा आकडा म्हणजे झेड-स्कोअर. आठ वर्षांच्या मुलांची मधली उंची १२७ सेंटिमीटरच्या किंचित वर आणि एक पसारा साडेपाच-पावणेसहा सेंटिमीटरचा. वयानुसार उंचीचा झेड-स्कोअर उणे दोनच्या खाली गेला की खुरटेपणा, वयानुसार बीएमआयचा गेला की कृशता. उणे तीनच्या खाली गेला की तीव्र. खुरटेपणा हा वर्षानुवर्षांच्या तुटीचा हिशेब असतो. कृशता जास्त करून हल्लीच्या दिवसांची खूण असते. म्हणून एकाच मुलाचे दोन वेगळे आकडे काढायचे आणि ते कधीही एकत्र करायचे नाहीत.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. पूर्ण निरोगी, पोटभर जेवणाऱ्या मुलांमध्येही सुमारे २.३ टक्के मुलं या रेघेखाली सापडतात, कारण रेघच तशी आखलेली आहे. तेव्हा खुरटेपणा शून्यावर आणू असं कोणी म्हणालं, तर त्याला तक्ता कळलेला नाही.

आता एक तालुका घेऊ. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्यासारखा सातपुड्यातला डोंगरी तालुका डोळ्यांसमोर आणा. आकडे मात्र पुढच्या हिशेबासाठी कल्पिलेले आहेत. समजा, जिल्हा परिषदेच्या आणि आश्रमशाळांच्या पहिली ते पाचवीत मिळून १४,००० मुलं आहेत. प्रश्न एकच : यांतली किती टक्के खुरटलेली आणि किती टक्के कृश?

पाचवीपर्यंतच थांबण्याचं कारण आहे. दहा-अकरा वर्षांनंतर मुलं वयात येऊ लागतात आणि गरीब घरांतली मुलं उशिरा वयात येतात. त्यांची उंची वाढण्याची झेप उशिरा लागते, तर तक्त्यातल्या मुलांनी ती आधीच घेतलेली असते. त्यामुळे बारा-तेराच्या वयात खुरटेपणाचा टक्का फुगतो आणि पुढे थोडा उतरतो. त्यातला किती भाग भुकेचा आणि किती घड्याळाचा, हे नुसत्या उंचीवरून सांगता येत नाही. आठवी-नववीतली मुलं घ्यायचीच असतील तर वयाचा गट वेगळा छापावा.

किती मुलं मोजायची? त्यासाठी आधी उत्तराचा अंदाज लागतो, हे विचित्र वाटेल, पण तसंच आहे. देशभर २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात पाच ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी २२ टक्के खुरटलेली आणि २३ टक्के कृश आढळली होती. आपण २५ टक्के धरू. उत्तर दोन्ही बाजूंना ४ टक्क्यांच्या आत बरोबर असावं अशी अपेक्षा ठेवली, तर सरळ चिठ्ठ्या टाकून निवडलेली ४५० मुलं पुरतात. पण डोंगरात विखुरलेली ४५० मुलं एकेक करून शोधणं कोणालाच परवडत नाही. म्हणून आधी शाळा निवडायच्या आणि मग त्यांतली मुलं.

इथे एक किंमत मोजावी लागते. एका पाड्यावरच्या शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात : तेच रेशन, तेच पाणी, तीच अंगणवाडी. पहिली दहा मुलं मोजली की अकरावं मूल फारसं नवीन काही सांगत नाही. हे सारखेपण एका छोट्या गुणकाने मोजतात. तो ०.०४ धरला आणि प्रत्येक शाळेतून २५ मुलं घेतली, तर लागणारी संख्या जवळजवळ दुप्पट होते. ४५०ची ९०० झाली. दहातलं एक मूल गैरहजर असेल असं धरून १,०००. म्हणजे ४० शाळा आणि प्रत्येकी २५ मुलं.

जीपचं डिझेल वाचवण्यासाठी कोणीतरी हमखास सुचवतं : १० मोठ्या शाळा घ्या, प्रत्येकी १०० मुलं मोजा, हजार ते हजारच. मुलं तेवढीच, पण माहिती तेवढी नाही. एका शाळेत शंभर मुलं घेतली की तो दुपटीचा गुणक चौपटीच्याही पुढे जातो आणि ४ टक्क्यांची चूक सुमारे ६ टक्क्यांवर जाते. शिवाय मोठ्या शाळा रस्त्यालगत असतात, नदीपलीकडच्या पाड्यावर नसतात. शाळा वाढवा, शाळेतली मुलं कमी करा, हाच इथला सौदा आहे.

शाळा निवडण्याची रीत गमतीशीर आणि सोपी आहे. यू-डायसच्या यादीत प्रत्येक शाळेचा पट असतो. सगळ्या शाळा केंद्रानुसार ओळीने लिहायच्या आणि शेजारी पटाची चढती बेरीज मांडायची : पहिल्या शाळेत ६२ मुलं, बेरीज ६२. दुसरीत ५३, बेरीज ११५. तिसरीत ७५, बेरीज १९०. शेवटची बेरीज १४,०००. तिला ४०ने भागलं की ३५०. मग १ ते ३५० यांतला एक आकडा चिठ्ठीने काढायचा. समजा १२७ आला. १२७वं मूल ज्या शाळेत पडतं ती पहिली शाळा, म्हणजे वरच्या यादीतली तिसरी. मग ४७७, मग ८२७, असं ३५०च्या ढांगा टाकत शेवटपर्यंत जायचं. मोठी शाळा जास्त जागा व्यापते म्हणून ती निवडली जाण्याची शक्यता जास्त. पण प्रत्येक शाळेतून २५च मुलं घ्यायची असल्यामुळे मोठ्या शाळेतल्या एका मुलाची पाळी येण्याची शक्यता तितकीच कमी. दोन्हींचा गुणाकार केला की आश्रमशाळेतलं मूल असो की पाड्यावरचं, प्रत्येकाची निवड होण्याची शक्यता चौदात एक. एखाद्या ४०० मुलांच्या आश्रमशाळेवर ढांग दोनदा पडली, तर तिथून ५० मुलं घ्यायची. आणि ज्या शाळांचा पट २५हून कमी आहे, त्या यादी करतानाच त्याच केंद्रातल्या शेजारच्या शाळेला जोडून ठेवायच्या. नंतर जोडायला गेलं की सोयीची शेजारीण निवडली जाते.

शाळेत पोचल्यावर गुरुजी आपुलकीने म्हणतात, “कितवीची मुलं पाठवू? पंचवीसच ना, आत्ता आणतो.” ती आणलेली पंचवीस मुलं स्वच्छ गणवेशातली, बोलकी आणि बहुतेक वेळा पहिल्या बाकावरची असतात. कधी उलटही होतं. पाहणीने काही मदत मिळेल या आशेने सगळ्यात हडकुळी मुलं पुढे केली जातात. म्हणून निवड हजेरीपटावरूनच करायची. पटावर १७५ नावं असतील तर प्रत्येक सातवं नाव, आणि सुरुवात कुठून करायची ते चिठ्ठीने.

नाव निघालेलं मूल त्या दिवशी नसेल तर? शेजारच्या नावावर टिचकी मारायची नाही. गैरहजर मूल आजारी असू शकतं, घरी धाकट्या भावंडाला सांभाळत असू शकतं, आणि तशी मुलं नेमकी वेगळी असतात. शाळेत पुन्हा एक फेरी मारायची आणि तरीही ते मूल भेटलं नाही तर तसं नोंदवायचं. होळीच्या आसपास सातपुड्यातल्या आश्रमशाळा रिकाम्या होतात. बीडकडे अशी पाहणी करायची असती तर ऊसतोडीचे महिने टाळावे लागले असते. पाहणीचा महिना ठरवणं हीसुद्धा नमुना निवडच आहे. जी मुलं पटावरच नाहीत ती या पाहणीत कधीच येत नाहीत. तेव्हा अहवालाच्या मथळ्यात ‘तालुक्यातील मुले’ लिहायचं नाही, ‘तालुक्यातील शाळेच्या पटावरील मुले’ लिहायचं.

इथवरचं सगळं गणित चुकत नाही, कारण ते कागदावर असतं. पाहणी खरी फसते ती पट्टीपाशी.

उंची मोजणं हे दोन माणसांचं काम आहे. एकजण खाली बसून गुडघे आणि घोटे धरतो, टाचा जमिनीला टेकल्यात ना हे पाहतो. दुसरा डोकं धरतो. टाचा, नितंब, पाठीचे फरे आणि डोक्याची मागची बाजू पट्टीला लागावी. एखाद्या मुलाचं सगळं एकदम लागत नसेल तर ओढाताण करायची नाही, निदान टाचा आणि नितंब लागलेच पाहिजेत. नजर समोर. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या भोकापुढचा कूर्चेचा उंचवटा एका आडव्या रेघेत यायला हवेत. मूल हनुवटी वर करतं तेव्हा उंची वाढल्यासारखी वाटते, पण खरं तर कमी भरते. मुलींच्या वेण्या दुमडून रिबिनीने वर बांधलेल्या असतात. सरकती फळी त्या रिबिनीवरच थांबते. म्हणून वेण्या सोडाव्या लागतात, आणि मग त्या परत घालून देणारी बाईही पथकात असावी लागते. हे कुठल्याही पुस्तकात ठळकपणे लिहिलेलं नसतं, पण त्यावाचून दुसऱ्या दिवशी मुली येत नाहीत.

वजनाचं त्या मानाने सोपं. शंभर ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा सपाट फरशीवर ठेवायचा, सतरंजीवर नाही. दप्तर, स्वेटर, खिशातल्या गोट्या काढायच्या. रोज सकाळी माहीत असलेलं वजन ठेवून काटा तपासायचा. हिवाळ्यात तीनशे ग्रॅमचा स्वेटर अंगावर राहिला, तर सीमेवरचं कृश मूल अहवालात ठीकठाक ठरतं.

आता मोजणाऱ्यांची परीक्षा. पाहणीपूर्वी दहा मुलांना एका शाळेत बोलवायचं. प्रत्येक मोजणाऱ्याने दहाही मुलांची उंची एकदा मोजायची, कागद जमा करायचा आणि पहिला आकडा न पाहता तीच दहा मुलं पुन्हा मोजायची. दोन वेळच्या आकड्यांतला फरक काढायचा, त्याचा वर्ग करायचा, दहा वर्गांची बेरीज वीसने भागायची आणि वर्गमूळ घ्यायचं. जे येतं त्याला मापनाची तांत्रिक चूक म्हणतात.

एका मोजणारीचे दोन वेळचे फरक मिलिमीटरमध्ये असे आहेत असं धरू : २, ३, १, ४, २, ०, ३, ५, २, ३. वर्गांची बेरीज ८१, वीसने भागून ४.०५, वर्गमूळ साधारण २ मिलिमीटर. उत्तम. दुसऱ्याचे फरक : ६, ९, २, १४, ८, ३, ११, ७, १२, ४. बेरीज ७२०, भागून ३६, वर्गमूळ ६ मिलिमीटर. पोषण पाहण्यांत नेहमी वापरली जाणारी मर्यादा ६ मिलिमीटरच्या आत राहण्याची आहे. हा गडी रेघेवर अडकला. त्याला परत शिकवायचं, परत दहा मुलं द्यायची. तरीही जमलं नाही तर त्याच्याकडे वजनाचा काटा द्यावा. गणित कठोर असतं, पण पथकातल्या माणसाला हे सांगणं त्याहून कठीण असतं. बऱ्याच पाहण्यांत हा दिवस वेळेअभावी गाळला जातो, आणि मग अहवालात ‘प्रशिक्षित पथक’ एवढे दोनच शब्द उरतात.

तिसरा मोजणारा मात्र सगळ्यांत फसवा. त्याचे दोन वेळचे आकडे जुळतात, तांत्रिक चूक २ मिलिमीटर. पण प्रशिक्षकाच्या आकड्याशी ताडलं तर तो प्रत्येक मुलाला ८ मिलिमीटर कमी देतो. कारण साधं असतं : माणूस उंच आहे, मूल बुटकं आहे आणि तो कंबरेत वाकत नाही. वरून तिरकं पाहिलं की पट्टीवरचा आकडा खालचा दिसतो. नजर फळीच्या पातळीला आणली की चूक गेली.

त्या ८ मिलिमीटरची किंमत किती? आपल्या तालुक्यातल्या मुलांची सरासरी तक्त्यापेक्षा १.३ पसाऱ्यांनी खाली आहे असं धरलं, तर खरा खुरटेपणा सुमारे २४ टक्के निघतो. सगळं पथक या तिसऱ्या गड्यासारखं मोजत असेल, तर तोच तालुका जवळपास २९ टक्क्यांवर जातो. हजार मुलं, चाळीस शाळा, नदी ओलांडणारी जीप, हे सगळं चूक ४ टक्क्यांच्या आत ठेवण्यासाठी होतं. न वाकलेल्या कंबरेने त्याहून जास्त घालवलं. दोन हजार मुलं मोजली असती तरी ही चूक एक मिलिमीटरही घटली नसती.

पहिल्या प्रकारची चूक, म्हणजे कधी वर कधी खाली, ती तरी आपापसांत फिटते ना? सरासरीत फिटते. टक्क्यात फिटत नाही. अशा चुकांनी आकड्यांचा पसारा रुंदावतो, आणि मधली सरासरी न हलताही रेघेखाली जास्त मुलं सांडतात. पसारा एकाचा १.२ झाला की २४ टक्क्यांचे २८ होतात. गचाळ मोजणी नेहमी परिस्थिती खरी आहे त्याहून वाईट दाखवते, आणि कृशतेचे टक्केही तशाच पद्धतीने फुगतात.

पसारा रुंदावणारी दुसरी गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे : १ जून. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मूल घेऊन बाप शाळेत यायचा, जन्मतारीख माहीत नसायची आणि गुरुजी पटावर १ जून लिहायचे. त्यामुळे कित्येक आजी-आजोबांचे वाढदिवस एकाच दिवशी येतात. आज जन्मनोंदणी पुष्कळ सुधारली आहे, पण पाड्यावर घरीच जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत, किंवा पहिलीच्या वयात बसवण्यासाठी तारीख मागे-पुढे केलेल्या मुलाच्या बाबतीत, पटावरची तारीख अजूनही अंदाजाची असू शकते.

सुरुवातीचा तो मुलगा आठवा. टाचा टेकवलेल्या, उंची ११६.६. पटाप्रमाणे वय सव्वाआठ, म्हणून खुरटलेला. त्याच्या आईकडच्या लसीकरणाच्या कार्डाप्रमाणे तो खरं तर नुकताच आठ वर्षांचा झाला असेल तर? आठ वर्षांना रेघ सुमारे ११६वर आहे. मूल खुरटेपणातून बाहेर. तीन महिन्यांनी एवढं केलं. वयात साधारण अर्ध्या वर्षाची हेलकावणारी चूक असेल तर उंचीच्या पसाऱ्यातच दशांशभर वाढ होते आणि २४ टक्क्यांचे २६ होतात. बीएमआयची रेघ या वयात वर्षाला जेमतेम ०.२ने सरकते, म्हणून कृशतेला वयाची चूक फारशी बाधत नाही. तिला उंचीची आणि वजनाची चूक बाधते.

म्हणून तारीख कुठून घेतली हे प्रत्येक मुलापुढे लिहावं : जन्मदाखला, माता-बाल संरक्षण कार्ड, अंगणवाडीची नोंदवही, की नुसता शाळेचा पट. आधार कार्ड पुष्कळदा पटावरूनच बनलेलं असतं, त्याला वेगळा पुरावा मानू नये. काहीच नसेल तर आईला विचारायचं : होळीच्या आधी की नंतर, भात कापणी चालू होती का, मोठा पूर आला त्याच्या आधी की नंतर. अंदाज महिन्यापर्यंत आणता येतो. पाहणी संपल्यावर जन्ममहिन्यांची मोजदाद करायची. एका महिन्याच्या वाट्याला साधारण ८ टक्के मुलं यायला हवीत. जूनमध्ये ३० टक्के आली तर समजायचं की त्या तारखा बाळंतिणीने सांगितलेल्या नसून शाळेने दिलेल्या आहेत.

आकडे स्वतःच चुगली करतात, फक्त त्यांना विचारावं लागतं. उंचीच्या आकड्यातला शेवटचा अंक घ्या. शून्य ते नऊ असे दहा अंक सारखेच यायला हवेत, म्हणजे ९०० मुलांत शून्य आणि पाच मिळून सुमारे १८०. तिथे ३५० निघाले, तर कोणीतरी मिलिमीटर न वाचता गोल आकडे लिहीत होतं. हे पथकवार पाहिलं की कोण ते कळतं. म्हणून हा तपास पहिल्या दोन दिवसांच्या संध्याकाळीच करावा, पाहणी संपल्यावर नव्हे. त्याच संध्याकाळी झेड-स्कोअरही काढता येतात. जागतिक आरोग्य संघटनेचं अँथ्रोप्लस हे मोफत सॉफ्टवेअर ते काम करतं आणि उंचीचा झेड-स्कोअर ६च्या पलीकडे किंवा बीएमआयचा ५च्या पलीकडे, वर वा खाली, गेला की खूण करून ठेवतं. खुणेची मुलं गुपचूप गाळायची नाहीत. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहायचं. बऱ्याचदा १०६.६च्या जागी ११६.६ किंवा ‘मुलगा’च्या जागी ‘मुलगी’ लिहिलेलं सापडतं.

मग अहवाल. समजा, आपल्या कल्पित तालुक्यात १,००० मुलं निवडली, ९१२ मोजली आणि ६ मुलांच्या तारखेचा किंवा मापाचा घोळ सुटला नाही. उरलेल्या ९०६ मुलांपैकी २१८ खुरटलेली निघाली. ‘२४ टक्के’ हे उत्तर अपुरं आहे. छापायचं ते असं : २४.१ टक्के, आणि ९५ टक्के खात्रीची मर्यादा २०.२ ते २७.९. ही मर्यादा काढताना मुलं शाळांच्या गठ्ठ्यांतून आली हे गणिताला सांगावं लागतं. नाही सांगितलं तर संगणक खुशाल ती बरीच अरुंद करून देतो आणि छपाईत छान दिसते. कृशतेचा टक्का वेगळ्या ओळीत, तिचा छेद वेगळा, कारण एखाद्या मुलाची उंची असते पण वजन राहिलेलं असतं. मुलगे-मुली वेगळे, वयाचे गट वेगळे, तीव्र किती ते वेगळं. सोबत झेड-स्कोअरची सरासरी आणि पसारा. पसारा १.२ किंवा १.३ दिसला तर जाणत्या वाचकाला लगेच शंका येते, आणि ती यावी म्हणूनच तो छापायचा. मोजणाऱ्यांची तांत्रिक चूक, गैरहजरांची संख्या, तारखांचे स्रोत आणि कोणता तक्ता वापरला हेही.

एक मोह मात्र टाळायलाच हवा. हाती चाळीस शाळांचे आकडे असतात आणि शिक्षण समितीच्या बैठकीत कोणीतरी विचारतंच, “सर्वांत वाईट शाळा कोणती?” एका शाळेत २५ मुलांपैकी ८ खुरटलेली निघाली तर टक्का ३२ होतो. पण पंचवीस मुलांवरून त्या शाळेबद्दल एवढंच म्हणता येतं की खरा आकडा १५ टक्क्यांपासून ५० टक्क्यांच्या पुढेपर्यंत कुठेही असेल. तेवढ्यावर मुख्याध्यापकाला नोटीस काढणं हा निव्वळ चिठ्ठीचा खेळ आहे. ही पाहणी तालुक्यासाठी आखली होती, ती तालुक्याबद्दलच बोलते. तसंच पाच वर्षांखालच्या मुलांच्या खुरटेपणाशी या आकड्याची तुलना करून सुधारणा झाली असं म्हणता येत नाही. वय वेगळं, तक्ता वेगळा.

एकेका मुलाबद्दल काय करायचं हे अहवालाची वाट पाहत नाही. मोजताना वजन मोठ्याने ओरडून सांगायचं नाही, मुलींना बाईनेच मोजायचं, पालकांची संमती आधी घ्यायची आणि आकडा घरी चिठ्ठीवर जाऊ द्यायचा. तीव्र कृश निघालेल्या मुलांची नावं अहवालात कुठेही येत नाहीत. ती त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलेली असतात.